जाळी बाहेरून स्वच्छ, तरी लॅपटॉप का तापतो?

गेल्या मे महिन्यात, विसाव्या तारखेच्या दोन दिवस आधी नाशिकच्या इंदिरानगरहून वहिनींचा फोन आला. त्या घरूनच चार-पाच दुकानदारांची जीएसटीची कामं करतात, त्यामुळे विसाव्या तारखेच्या आसपास त्यांचा फोन आला की कुणाची तब्येत बिघडलेली नसून लॅपटॉपचीच बिघडलेली असणार, हे मी धरूनच चालतो. "भाऊजी, सकाळी लावला की पळतो. दहा मिनिटांनी माउसचा बाण अडकत अडकत चालतो, पंखा मिक्सरसारखा ओरडतो आणि कोपऱ्यात पाटी येते की प्रोसेसर तापलाय. फॉरमॅट करून आणला, रॅमही वाढवली. पैसे गेले, पण आहे तसाच आहे."

फॉरमॅट आणि रॅम हे दोन उपाय आपल्याकडे क्रोसिनसारखे दिले जातात. मशीन मंद म्हटलं की आधी ते. पण वहिनींच्या तक्रारीतच उत्तर होतं: सकाळी पळतो, दहा मिनिटांनी अडकतो. रॅम कमी असती तर पहिल्या मिनिटाला एक्सेलची मोठी फाईल उघडतानाच कळलं असतं. विंडोज बिघडलेलं असतं तर त्याने घड्याळ बघून त्रास दिला नसता. ठराविक वेळ बरं चालून मग बसणारी गोष्ट बहुतेक वेळा उष्णतेची असते. मी अंबडला मशीनच्या देखभालीत आहे. आमच्याकडे मोटर अशी वागली तर आधी हात लावून बघतात, मग ड्रॉइंग काढतात.

आता आत काय चालतं ते बघू. मोरीत नळ सोडलाय आणि खालच्या जाळीत केसांचा गुंता अडकलाय, असं समजा. पाणी लगेच बाहेर येत नाही. आधी मोरी हळूहळू भरते, तेवढा वेळ सगळं ठीक वाटतं. पाणी उंबऱ्याला लागलं की तुम्ही धावत जाऊन नळ बारीक करता. गुंता तसाच आहे, पण आता जेवढं पाणी येतं तेवढं त्यातून झिरपून जातं. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर हा नळ आहे, उष्णता हे पाणी आहे, आणि नळ बारीक करण्याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. हे काम प्रोसेसर स्वतःच करतो, तेही क्षणार्धात. त्याच्या पोटातच तापमान मोजणारे सेन्सर असतात. ठरलेला उंबरठा आला की तो आपला वेग आणि आपल्याला लागणारं व्होल्टेज दोन्ही खाली आणतो. लॅपटॉपच्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरांमध्ये हा उंबरठा १०० अंश सेल्सिअसचा आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या काही वेळा तो मुद्दाम थोडा खाली ठेवतात.

वेग आणि व्होल्टेज एकत्र का कमी करायचे, यातही गंमत आहे. चिपमधली उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दोन्ही एकदम उतरवले की वेग जितका घटतो त्याहून उष्णता जास्त घटते. प्रोसेसरच्या दृष्टीने हा फायद्याचा सौदा आहे. आपल्याला मात्र तो माउसच्या अडकण्यातून दिसतो. थ्रॉटलिंग म्हणजे बिघाड नव्हे, जीव वाचवायची युक्ती आहे. त्यालाही न जुमानता तापमान चढतच गेलं, तर शेवटचा उपाय म्हणून मशीन सेव्ह वगैरे काही न विचारता थेट बंद होतं.

मग प्रश्न उरतो की गुंता कुठे आहे. प्रोसेसरवर एक तांब्याची पट्टी बसवलेली असते आणि तिला जोडून एक चपटी केलेली तांब्याची नळी निघते. ती दिसते भरीव, पण आतून पोकळ असते. तिच्यात अगदी थोडं पाणी असतं आणि हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे ते कमी तापमानालाही उकळतं. प्रोसेसरकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाला जाऊन थंड होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. त्या दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांची चळत असते. दोन पत्र्यांमध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट. या चळतीला चिकटून पंखा असतो. तो आपल्या टेबलफॅनसारखा समोर हवा फेकत नाही. कूलरच्या ब्लोअरसारखा खालून हवा ओढतो आणि बाजूने, त्या फटींमधून, बाहेर ढकलतो.

म्हणजे धूळ कुठे अडकेल? पंख्याच्या खालच्या जाळीतून बारीक धागे सहज आत जातात. पंखा त्यांना फेकतो आणि ते जाऊन आपटतात पत्र्यांच्या आतल्या तोंडावर, म्हणजे पंखा आणि पत्रे यांच्या मधे. तिथे एक धागा आडवा अडकला की त्याला दुसरा, त्याला केस, त्यावर धूळ. वर्ष-दोन वर्षांत तिथे नमद्यासारखी जाड पट्टी तयार होते. ही जागा बाहेरून दिसत नाही. बाहेरच्या जाळीतून टॉर्च मारला तर पत्रे लखलखीत दिसतात, कारण आपण त्यांची दुसरी, स्वच्छ बाजू बघत असतो. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानदाराने वहिनींना "जाळी तर साफ आहे" असं सांगितलं, ते खोटं नव्हतं. त्याने मोरीची जाळी वरून पाहिली, गुंता खाली होता.

इंदिरानगरला गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. खोलीत छताचा पंखा सुरू होता आणि तापमापी ३६ अंश दाखवत होती. लॅपटॉप २०१८ चा, आत i5-8250U हा प्रोसेसर. त्याचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे आणि तो १५ वॉटसाठी बनवलेला आहे. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढची सगळी परीक्षा त्यांच्यावर आहे. तुमच्या मशीनचे आकडे वेगळे असतील, पण मूळ वेग शोधायला कुठे जावं लागत नाही. `Ctrl+Shift+Esc` दाबलं की Task Manager उघडतो, त्यात Performance मध्ये CPU वर गेलात की Base speed असं लिहिलेलं असतं. त्याच पानावर Speed नावाचा मोठा आकडा सतत हलत असतो. तो आत्ताचा वेग.

काम जड असताना आत्ताचा वेग मूळ वेगाच्या खाली जाऊन तिथेच बसला, तर कुणीतरी नळ बारीक केलेला आहे. लॅपटॉप चार्जरवर असावा आणि पॉवर सेव्हर बंद असावा, एवढी काळजी घ्या, नाहीतर भलतंच निदान होईल. काम जड कसं करायचं? मी 7-Zip मधला Benchmark चालवतो. तो फुकट आहे आणि प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम राबवतो. बाजूला HWiNFO नावाचं मोफत सॉफ्टवेअर Sensors-only निवडून उघडायचं. त्यातल्या शंभर ओळींपैकी तीनच बघा: CPU Package हे तापमान, CPU Package Power हे वॉट, आणि Core Thermal Throttling समोर Yes आहे की No.

वहिनींच्या मशीनवर पहिली दोन मिनिटं सगळं छान होतं. मग तापमान ९८ वर जाऊन टेकलं, वेग घसरत १.२ गिगाहर्ट्झवर आला आणि प्रोसेसर जेमतेम ७ वॉट घेऊ लागला. थ्रॉटलिंगसमोर Yes. १५ वॉटचं इंजिन ७ वॉटवर चालत होतं. पंखा पूर्ण जोरात ओरडत होता, पण डाव्या बाजूच्या जाळीपाशी हात धरला तर हवेची नुसती झुळूक. तीही चटका देणारी.

हाताची ही परीक्षा सॉफ्टवेअरइतकीच बोलकी आहे. पंख्याचा आवाज मोठा, पण हवा थोडी आणि कढत, तर वाट तुंबलेली आहे. आवाज मोठा, हवा भरपूर पण कोमट, आणि तरीही आकडा ९५ च्या वर, तर प्रोसेसरपासून तांब्यापर्यंतच उष्णता पोचत नाही. म्हणजे मधली थर्मल पेस्ट वाळली आहे किंवा पट्टी नीट बसलेली नाही. हवाच नाही आणि आवाजही नाही, तर पंखा मेलाय.

आता एक छोटंसं गणित, आणि या लेखात एवढंच गणित आहे. खोली ३६, प्रोसेसर ९८, म्हणजे फरक ६२ अंशांचा. तेवढ्यात बाहेर जात होती ७ वॉट उष्णता. म्हणजे एकेका वॉटमागे जवळजवळ ९ अंश चढत होते. तुंबलेपणाचं हे माप आहे, आणि ते ऋतू बदलला तरी फारसं बदलत नाही. म्हणूनच यातून एक कोडं सुटतं. वहिनी म्हणाल्या, "पण जानेवारीत असं होत नव्हतं." खरंच नव्हतं. नाशिकच्या जानेवारीत त्या खोलीत १४ अंश असतात असं धरा. मग ९८ पर्यंत ८४ अंशांची जागा मिळते, आणि दर वॉटला ९ अंश या हिशेबाने ९ वॉटच्या वर उष्णता बाहेर जाऊ शकते. तेवढ्यात हा प्रोसेसर मूळ वेगाच्या आसपास राहतो. मशीन थोडं आळशी वाटतं इतकंच. नमदा जानेवारीतही तेवढाच जाड होता, थंडीने तो झाकून ठेवला होता. मे महिन्याने काही बिघडवलं नाही, फक्त उघडं पाडलं.

पण थंडीतही एक वेगळाच घात होतो, आणि तो धुळीशिवाय होतो. पहाटे गोधडीत बसून मांडीवर लॅपटॉप घेतला की खालची जाळी गोधडीला टेकते. रबरी पायांनी तळ टेबलापासून काही मिलिमीटर उचलून धरलेला असतो. पंख्याला श्वास घ्यायला तेवढीच फट असते. मऊ कापडात पाय रुततात आणि ती फट संपते. हे ओळखायला सोपं आहे: लॅपटॉप उचलून हवेत धरा. मिनिटाभरात आवाज आणि आकडा दोन्ही उतरू लागले, तर दोष जागेचा होता. वहिनींचा मी उचलून धरला, मागे दोन पुस्तकंही लावून पाहिली, तापमान ९८ वरून हललं नाही. म्हणजे गुंता आतच. (मागचा एक रबरी पाय गळालेला होता, हेही तेव्हाच दिसलं. त्याचा वाटा थोडा असणार, पण मुख्य चोर तो नव्हता.)

आता उघडायचं. वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नका, आणि टचपॅड किंवा तळ फुगल्यासारखा वाटत असेल तर अजिबात नको. ती फुगलेली बॅटरी असते, तिथे पेचकस नेणं म्हणजे आगीशी खेळ. बाकी काम अवघड नाही, घाईचं मात्र नाही. मशीन स्लीपमध्ये नव्हे तर पूर्ण बंद करून चार्जर काढायचा. तळाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपल्या जागी खोचायचा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो वरून कीबोर्डच्या पट्टीतून डोकं काढतो. दोन स्क्रू बहुधा रबरी पायांखाली लपलेले असतात. कडेने जुनं एटीएम कार्ड फिरवत तळ सोडवला की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मगच पंख्याला हात लावायचा.

पंखा दोन-तीन स्क्रूंवर असतो. तो उचलला आणि वहिनी "अगं बाई!" म्हणाल्या. पत्र्यांच्या तोंडावर करड्या रंगाची पट्टी, चिमट्याने धरली तर अखंड निघाली. बोटभर लांब, वातीसारखी. त्यात गोधडीचे सुती धागे होते, केस होते आणि सगळ्याला एक चिकट काळपटपणा. त्यांचं टेबल देवघराशेजारी आहे. उदबत्ती आणि धुपाचा धूर धुळीला गोंदासारखा धरून ठेवतो. नुसती कोरडी धूळ पुष्कळदा उडून बाहेर जाते, तेलकट धूळ बसते. आमच्या अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये कूलंटची वाफ असते, तिथल्या ऑफिसातले लॅपटॉप घरातल्यांच्या आधी तुंबतात, त्याचं कारण हेच.

उरलेली धूळ मऊ ब्रशने आणि हातात धरायच्या ब्लोअरने काढली. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंगची वाट लागते. इथे एक गोष्ट तळमळीने सांगतो, कारण आमच्याच कारखान्यातली मुलं ती करतात. कॉम्प्रेसरच्या हवेने लॅपटॉप मारू नका, ना कारखान्यातल्या, ना पंक्चरच्या दुकानातल्या. त्या हवेच्या दाबाची भीती तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तिच्यात पाण्याचे थेंब आणि तेलाचा फवारा असतो. धूळ जाते आणि बोर्डावर तेल बसते. बाहेरच्या जाळीतून उलटी हवा मारणंही तसंच अर्धवट. नमदा पत्र्यांपासून सुटतो, पण पंख्याच्या घरात जाऊन पडतो आणि पंखा सुरू झाला की परत जागेवर येतो.

झाकण लावून तीच परीक्षा, त्याच खोलीत, तेवढ्याच उन्हात घेतली. पंधरा मिनिटं राबवलं. तापमान ८४ वर थांबलं, वॉट पूर्ण १५, वेग २.४ गिगाहर्ट्झ. म्हणजे वेग बरोबर दुप्पट. थ्रॉटलिंगसमोर No. दर वॉटला आता ३ अंशांपेक्षा किंचित जास्त. हवा जाळीतून चांगली जोरात येत होती आणि पंख्याचा आवाजही एक पायरी उतरला होता. रॅमला आणि फॉरमॅटला जे जमलं नव्हतं, ते एका चिमट्याने केलं.

मग पेस्ट बदलायची का? इतक्या जुन्या मशीनमध्ये उघडलंच आहे तर बदलावी, पण ती दुसऱ्या नंबरची गोष्ट आहे. तांब्याच्या पट्टीवर स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडताना उलट क्रमाने, लावताना सुलट क्रमाने, थोडं थोडं पिळत. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि नवी तांदळाच्या दाण्याएवढी लावायची. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. शेजारच्या छोट्या चिपांवर करड्या रबरासारखे पॅड चिकटवलेले असतात, ते फाडू नका आणि त्यांच्या जागी पेस्ट थापू नका. वहिनींच्या मशीनला याने आणखी ७ अंश मिळाले, ८४ चे ७७ झाले. बरं वाटलं, पण वेग वाढला नाही, कारण १५ वॉटची मर्यादा आधीच गाठलेली होती.

यावरून एक चुकीचा धसका दूर होतो. कितीतरी जण HWiNFO बघून घाबरतात की सुरुवातीला वेग तीन-साडेतीन गिगाहर्ट्झ होता आणि अर्ध्या मिनिटात उतरला. तापमान तेव्हा ७५-८० असेल आणि वेग मूळ वेगाच्या वर असेल, तर ते थ्रॉटलिंग नव्हे. प्रोसेसरला थोड्या वेळापुरती जादा वॉटची सवलत दिलेली असते, ती संपली इतकंच. उलट प्रकारही आहे: मशीन गार, पंखा शांत, आणि तरी वेग ०.३९ किंवा ०.७९ गिगाहर्ट्झवर अडकलेला. तिथे धूळ शोधू नका. बऱ्याचदा चार्जर लॅपटॉपला ओळखता येत नाही किंवा बोर्डवरचा एखादा सेन्सर खोटं ओरडतो. आधी मूळ चार्जर लावून बघा.

काम आजच उरकायचंय आणि उघडायला वेळ नाही, अशी वेळ विसाव्या तारखेला हमखास येते. तेव्हा आपणच नळ थोडा बारीक करून ठेवायचा. कमांड प्रॉम्प्टमध्ये या दोन ओळी दिल्या की बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर चढणं, बंद होतो:

```
powercfg /setacvalueindex scheme_current sub_processor PROCTHROTTLEMAX 99
powercfg /setactive scheme_current
```

याने वेग वाढणार नाही, पण वर चढून धपकन खाली पडण्याऐवजी तो एका पातळीवर राहील आणि अडकणं कमी होईल. ९९ च्या जागी १०० लिहून पुन्हा दोन्ही ओळी चालवल्या की पूर्ववत. पंखेवाला कूलिंग पॅड घ्यायचा विचार असेल तर आधी वाट मोकळी करा. आतली फट बंद असताना खालून कितीही हवा मारली तरी ती जाणार कुठे? आणि ओला फडका किंवा फ्रिज तर नकोच. थंड झालेल्या धातूवर दमट हवेचं पाणी धरतं, आणि ते बोर्डावर धरतं.

वहिनींकडून निघताना तळाच्या झाकणाला आतून कागदाची पट्टी चिकटवली: तारीख, खोली ३६, पॅकेज ७७, १५ वॉट. दर वॉटला पावणेतीन अंश. पुढच्या मेमध्ये हीच परीक्षा घ्यायची आणि भागाकार करायचा. चारच्या वर गेला तर पुन्हा उघडायचं, नाहीतर हात लावायचा नाही. गळालेल्या पायाच्या जागी दुसरा रबरी पाय चिकटवला. देवघर काही हलणार नव्हतं, म्हणून टेबल खिडकीकडे हलवलं. आणि थंडीत गोधडीवरच बसायचं असेल, तर लॅपटॉपखाली जेवायला बसायचा पाट घ्यायचा, असं ठरलं.